काडीभर ओठ

मिसरूड फुटल्यापासून वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझी मिशी तलवार कट होती. मी निवडली म्हणून नव्हे. वडिलांची तशी होती, आणि माझ्या ओठावर पहिला वस्तरा ज्यांनी ठेवला ते वडिलांचेच न्हावी. त्यांनी काही न विचारता तशीच कोरून दिली. नाकाखाली मधोमध पेन्सिलीएवढी रिकामी फट, दोन्हीकडं निमुळती होत गेलेली दोन पाती आणि टोकं ओठाच्या कोपऱ्याशी जराशी खाली उतरलेली. वडिलांचा चेहरा गोल, ओठ भरलेले. त्यांना ती शोभायची. माझा तोंडवळा आईच्या माहेरचा, लांबुळका. शाळेत मला गाजर म्हणायचे. वरचा ओठ तर लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा शोधावा लागतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सौद्याच्या दिवशी विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी करायला शेतकरी समोर येऊन बसतात आणि दहातले दोघे तरी विचारतात, "तब्येत बरी नाही का ओ दिवाणजी?" तब्येत ठणठणीत असायची. चेहराच तसा होता, याचं कारण मात्र मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

मध्ये एकदा प्रयत्न केला होता. २०१९ च्या मार्चमध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानातून परत आले आणि आठवड्याभरात गल्लोगल्ली त्यांची मिशी दिसायला लागली. सलूनवाल्यांनी फोटो चिकटवले, 'अभिनंदन कट' मागणारी पोरं रांगेत. मीही वाढवली. ती मिशी ओठाच्या कोपऱ्यावरून खाली हनुवटीकडं उतरते आणि तिथून वळून गालावरच्या कल्ल्यांना मिळते. त्यांच्या रुंद जबड्यावर ती बसते. माझ्या तोंडावर ती आल्यावर बायको म्हणाली, "अहो, लगाम घातल्यासारखं दिसतंय." आठव्या दिवशी पुन्हा तलवार कट.

खरं शहाणपण आलं ते नाटकामुळं. आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक इथंच केलं, आणि तेव्हापासून सांगलीत प्रत्येक गल्लीत एकजण तरी नट असतोच. आमच्या कॉलनीच्या नाटकात मला सरपंचाचं काम आलं. दिग्दर्शक म्हणाला, मिशी काढ, रंगभूषावाले चिकटवतील. मिसरूड फुटल्यापासून पहिल्यांदा मी मिशीशिवाय आरशात बघितलं आणि मला माझी मिशी नाही, तर तिच्याखालची जागा दिसली. नाकाच्या बुडापासून ओठापर्यंत हे लांबच्या लांब पठार.

रंगभूषेचे तात्या सत्तरीचे. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उजवीकडं-डावीकडं फिरवलं आणि विचारलं, "लांबी कुठाय तुझी, ठाऊक हाय का?"

मी म्हटलं, चेहरा लांब आहे.

"ते पोरगंबी सांगंल. लांबी हाय कुठं? कपाळात, नाकात, नाकाखाली का हनुवटीत?"

कंपासपेटीतली पट्टी मागवून त्यांनी मापंच घेतली. केसांच्या मुळापासून हनुवटीपर्यंत २० सेंटिमीटर, गालाच्या हाडांवर रुंदी १३. लांबी रुंदीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरली की चेहरा लांब धरायचा, हा त्यांचा ठोकताळा. पण पुढची मापं महत्त्वाची होती. नाकाचं बूड ते ओठाची वरची कड, १९ मिलिमीटर. ओठ मिटल्यावर दिसणारा वरचा ओठ, ४. खालचा ओठ, ९. म्हणजे माझ्या चेहऱ्याची लांबी कपाळात नव्हती, हनुवटीतही नव्हती. ती नेमकी मिशीच्या जागी साठलेली होती. तात्या म्हणाले, हनुवटी लांब असलेल्या माणसाला नुसत्या मिशीनं फार काही करता येत नाही, त्यानं दाढी टोकदार ठेवू नये एवढंच. नाकाखाली लांब असलेल्या माणसाचं नशीब चांगलं, कारण तिथं केसच उगवतात.

मग त्यांनी माझी जुनी तलवार कट काजळाच्या पेन्सिलीनं ओठावर काढून दाखवली आणि तिचे दोष एकेक करून पुसले. मिशी बारीक आणि ओठाला धरून असल्यामुळं नाक आणि मिशी यांच्यात कातडीचा मोकळा पट्टा राहत होता, म्हणजे जी लांबी झाकायला पाहिजे तीच मी चौकट घालून दाखवत होतो. मधली फट म्हणजे चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर ओढलेली उभी रेघ. उभ्या चेहऱ्यावर आणखी एक उभी रेघ. आणि खाली उतरलेली टोकं तोंडाचे कोपरे खाली ओढत होती. "म्हणून तू आजारी दिसतोस," तात्या म्हणाले. मार्केट यार्डातला प्रश्न मी त्यांना सांगितलेलाही नव्हता.

त्या रात्री त्यांनी मला तीन मिशा चिकटवून दाखवल्या. नाटकातली मिशी क्रेपच्या केसांची असते. क्रेप वेणीसारखा घट्ट गुंफलेला मिळतो. तो उलगडून, वाफ देऊन सरळ करायचा, ओठावर स्पिरिट गम लावायचा, तो चिकट होईपर्यंत थांबायचं आणि मग केसांची बारीक झुबकी बाहेरच्या टोकाकडून मध्याकडं दाबत यायचं. खरे केस ज्या दिशेला पडतात, त्याच दिशेला क्रेप पडला पाहिजे, म्हणजे खाली आणि बाहेर.

पहिली लावली झुपकेदार, ओठावर लोंबणारी, लोकमान्यांच्या फोटोत असते तशी. लांबी गायब झाली, हे खरं. पण ओठही गेला. तोंडाच्या जागी एक फट उरली आणि मी गप्प बसलो तरी कुणावर तरी खेकसणार आहे असं दिसायला लागलं. तात्या खाली दहाव्या रांगेत जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "एक वाक्य म्हण." मी म्हटलं. "ऐकू येतंय, पर दिसत नाय. ओठ दिसला नाय तर अर्धा शब्द गेला." जाड ओठाच्या माणसाची मिशी ओठावर आली तरी खालून ओठ डोकावतो. चार मिलिमीटरच्या ओठावर दोन मिलिमीटर केस आले तर निम्मा ओठ संपला.

दुसरी लावली पिळदार, वर वळलेले आकडे. ती बघून सगळे हसले, मीही. चेहरा रुंद झाला, कारण टोकं गालापर्यंत पोचली होती. पण एवढ्या बारीक ओठावर तेवढा सरंजाम पेलत नव्हता. माणसाआधी मिशी खोलीत येत होती. शिवाय हळदीच्या दुकानात रोज पीळ भरत कोण बसणार?

तिसरी बघितल्यावर कुणी हसलं नाही. नाकाच्या बुडापासून सुरू झालेली, मध्ये फट नसलेली, पठारभर पसरलेली मिशी. खालची कड सरळ आडवी आणि ओठाच्या जरा वर थांबलेली. टोकं ओठाच्या कोपऱ्यापलीकडं अर्धा सेंटिमीटर, पण तिथून खाली न वळता तशीच आडवी गेलेली. तात्यांनी माझ्या बुबुळाच्या मध्यातून कंगवा उभा धरून दाखवला: टोक या रेषेच्या आत राहिलं पाहिजे. बाहेर गेलं की पुन्हा ते मिशीचं प्रदर्शन.

मग खिशातून आगपेटी काढली. (तात्या बिडी ओढतात. सांगून उपयोग नाही.) एक काडी त्यांनी माझ्या ओठाच्या वरच्या कडेवर आडवी ठेवली. काडीची जाडी साधारण दोन मिलिमीटर. "काडीच्या वर मिशी. काडीखाली ओठ. मधी काडीएवढी कातडी. उजेड त्या पट्टीवर पडतो, आन् ओठ हाय त्यापेक्षा भरलेला दिसतो." मी आरशात काडी काढून बघितलं, पुन्हा ठेवून बघितलं. चार मिलिमीटरचा ओठ खरंच ओठासारखा दिसत होता.

नाटक झालं. सरपंचाला टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यात मात्र ती तिसरी मिशीच बसली होती.

फोटो बघून पुन्हा खात्री करावी म्हणून मी मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला तर चेहरा अजूनच लांब आणि नाक भोपळ्याएवढं. भाचा कॅमेऱ्यातला आहे, तो म्हणाला, "मामा, हात लांब करून काढलेल्या फोटोवर मिशी ठरवू नका." फोन तोंडापासून दोन फुटांवर असला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब, त्यामुळं मधला भाग फुगतो आणि चेहरा अरुंद दिसतो. त्यानं सहा-सात फुटांवर उभं राहून, फोन माझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढले. एकात ओठ मिटलेले, एकात हसताना. हसतानाचा आवश्यक, कारण बारीक ओठ हसताना आणखी ताणून बारीक होतो आणि मिशी वर सरकते. त्या फोटोंवर बायकोच्या काजळपेन्सिलीनं काढलेली मिशी मी चार वेळा बदलली. टोक जरा जरी खाली वळवलं तरी तब्येत बिघडलेली दिसायची.

वाढवणं हा कंटाळ्याचा भाग. मिशीचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पठार भरून केस नीट पडायला ते आठ-दहा मिलिमीटर तरी पाहिजेत, म्हणजे तीन-चार आठवडे. ओठाच्या कोपऱ्यावरचे केस विरळ, त्यांना त्याहून जास्त. तिसऱ्या आठवड्यात खालच्या ओळीचे केस ओठात टोचायला लागतात आणि चहाच्या कपात बुडतात, नेमका तेव्हाच हात कात्रीकडं जातो. तात्यांनी बजावलं होतं, तेव्हा हात लावायचा नाही. दाढी फक्त गालावरची करायची आणि आंघोळीनंतर मिशी मध्यातून दोन्हीकडं, बाहेरच्या दिशेनं, बारीक फणीनं विंचरायची. आमच्या दुकानात त्याचा वेगळाच ताप झाला. हळदीची पोती फोडताना उडणारी भुकटी मिशीत बसायची आणि दुपारपर्यंत माझी मिशी पिवळी. एक हमाल म्हणाला, "दिवाणजी, मळवट चुकून खाली लागला काय?"

पाच आठवड्यांनी मी कोरून घ्यायला गेलो आणि तिथंच माती खाल्ली. माझे नेहमीचे न्हावी सदाभाऊ गावाला गेले होते. लग्नाला जायचं म्हणून मी दुसऱ्या एका दुकानात बसलो. कारागीर तरुण, हात चपळ. मी त्याला काडीचं सांगितलं. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ दादा." आणि पाण्याचा फवारा मिशीवर मारला.

मला तेव्हा हे कळायला पाहिजे होतं. ओला केस जड होऊन ताठ खाली पडतो, आणि वाळला की वर उचलतो. डोक्यावरच्या लांब केसांत एवढा फरक कळत नाही, पण जिथं सगळा खेळ दोन मिलिमीटरचा तिथं तो पुरेसा होतो. त्यानं ओल्या मिशीची कड काडीएवढं अंतर सोडून अगदी सरळ कापली. पंख्याखाली मिशी वाळली तेव्हा ते अंतर दुप्पट झालं होतं, आणि डावीकडची कड उजवीपेक्षा वर. मग सुरू झाली माकडाची लोण्याची वाटणी. उजवीकडून थोडं काढलं, डावी मोठी वाटली. डावीकडून काढलं, उजवी मोठी. शेवटी त्यानं झीरो मशीन लावलं आणि मी डोळे उघडले तेव्हा नाकाखाली एक रुंद माशी बसली होती, आणि तिच्याखाली पाच-सहा मिलिमीटरचं उघडं कातडं. बारीक ओठाच्या वर एवढी मोकळी जागा दिसली की मिशी कुठून तरी आणून चिकटवल्यासारखी वाटते. नाटकात खरंच चिकटवलेली होती तेव्हासुद्धा ती इतकी खोटी दिसली नव्हती. लग्नाला मी मिशी काढून गेलो. पाहुण्यांनी विचारलं, "कुणी गेलं का?"

पुन्हा पाच आठवडे.

या खेपेला सदाभाऊंच्या खुर्चीत बसायच्या आधी मी मिशी कोरडी ठेवली, तेल नाही, पाणी नाही. आगपेटी घेऊन गेलो. सदाभाऊ हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी आधी मिशी खाली विंचरली आणि नुसते ओठावर लोंबणारे केस दिसतात का बघितलं. मग मला सांगितलं, तोंड ढिलं सोडा, ओठ दाबू नका. आपण खुर्चीत बसलो की नकळत ओठ आत ओढून धरतो, त्यामुळं कातडी ताणली जाते आणि कड वर कापली जाते. काडी ओठावर ठेवून त्यांनी मशीनला हात न लावता बारीक कात्रीनं मध्यातून सुरुवात केली. मध्यातून आधी उजवीकडं कोपऱ्यापर्यंत, पुन्हा मध्यातून डावीकडं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरळ कापत गेलं तर रेघ कलते, असं ते म्हणाले. पहिल्या फेरीत त्यांनी काडीपेक्षाही एक केसभर लांबच ठेवलं. मग मला हसायला सांगितलं, बोलायला सांगितलं, एक जांभई देऊन दाखवा म्हणाले. खाली लोंबलेले दोन-चार केस तेवढे दुसऱ्या फेरीत काढले.

नाकाजवळ त्यांना वस्तरा फिरवायचा होता, जुन्या सवयीनं. वरची कड कोरली की मिशी रेखीव दिसते, हे इतरांच्या बाबतीत खरं आहे. मी हात धरला. माझ्याकडं तिथली एक मिलिमीटर कातडीही मोकळी करून चालणार नव्हतं. फक्त नाकपुडीतून बाहेर आलेले केस काढू दिले. मधल्या पन्हळीतले केस माझे विरळ आहेत, तिथं फट दिसू नये म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंचे लांब केस ओढून पन्हळीवर आणले. जाडी कमी करायला फणी मिशीत घालून फणीच्या वर आलेले केस कापले, त्यामुळं मिशी पसरलेली राहिली पण झुपका झाला नाही. टोकांना मेण आणि व्हॅसलीन मिसळलेलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, बोटावर ऊब देऊन लावलं. ते पीळ द्यायला नाही, कोपऱ्यावरचे केस खाली न पडता आडवे राहावेत एवढ्यापुरतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये ते दुपारी वितळतं, हे पुढं कळलं. उन्हाळ्यात मी टोकं पाव सेंटिमीटर आखूड ठेवतो, म्हणजे पडायला केसच उरत नाहीत.

एक मर्यादा सांगायला हवी. कोपऱ्यावर ज्यांना केसच येत नाहीत, त्यांना ही मिशी आडवी लांबवता येणार नाही. ती कोपऱ्याआधीच संपली तर चेहरा आणखी अरुंद दिसतो. माझ्या धाकट्या भावाचं तसं आहे, चेहरा माझ्याहून लांब. त्यानं मिशीच्या जोडीला गालावर आणि जबड्याच्या बाजूला, मशीनला तीन मिलिमीटरचं कव्हर लावून, दाढी ठेवली आणि हनुवटीवर त्याहून बारीक केली. बाजू भरल्या, खाली लांबी वाढली नाही. मला दाढी नकोच होती. हळदीत मिशी सांभाळता येईना, दाढी कुठं सांभाळू?

आता दर पाचव्या दिवशी सकाळी, आंघोळीच्या आधी, कोरड्या मिशीवर खालची कड मीच कापतो. पाच दिवसांत केस दीड-दोन मिलिमीटर वाढतात, म्हणजे काडीची जागा भरून येते, आणि भरल्याचं आरशाआधी मला दुकानात कळतं. परवा एक म्हातारे शेतकरी पट्टी हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, काय झालं आजोबा, वजनात चूक आहे का? ते म्हणाले, "वजन बराबर हाय. तुमी चिडलाय काय?" सहावा दिवस होता.

घरी गेलो तर बायको देवघरासमोर उभी. निरांजन लावायला आगपेटी सापडत नव्हती. ती न्हाणीघरात, आरशाखाली होती.